जामीनदाराला वेळेवर कळवा
सहकार आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय सहकार आयुक्त व निबंधक,
सहकारी संस्था, महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय: पतसंस्थांच्या कर्जांना जामीन राहणाऱ्यांना माहिती देण्याबाबत.

महोदय,

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दुकानदारांचे हिशेब लिहितो. जीएसटीची विवरणपत्रे, आयकर, बँकेला लागणारे ताळेबंद अशी कामे करतो. बाजारपेठेतली बहुतेक दुकाने या ना त्या निमित्ताने माझ्या टेबलावरून जातात. त्यांतल्या एका भांड्यांच्या दुकानाची हकिगत आपल्यापुढे मांडतो आहे. दुकानदाराला सगळी पेठ अण्णा म्हणते, म्हणून मीही तेवढेच लिहितो. गावाचे आणि पतसंस्थेचे नाव घालत नाही, कारण तक्रार एका संस्थेची नाही. असे व्यवहार जागोजागी होतात आणि ते जवळजवळ सगळे कायद्यात बसणारे असतात.

अण्णांच्या शाळेपासूनच्या मित्राने मालवाहू टेम्पोसाठी पतसंस्थेकडे सहा लाखांचे कर्ज मागितले. व्याज चौदा टक्के, मुदत साठ महिने, हप्ता तेरा हजार नऊशे साठच्या आसपास. तारण म्हणून टेम्पोवर संस्थेचा बोजा आणि वर दोन जामीनदार. एक अण्णा, दुसरे एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. जामीनदार संस्थेचा सभासद लागतो म्हणून सभासदत्वाचा अर्जही त्याच दिवशी भरला गेला. सहीच्या जागांवर क्लार्कने पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. अण्णांनी फुल्या बघून सह्या केल्या, चहा झाला आणि ते गिऱ्हाईक खोळंबले म्हणून दुकानात परतले. जामीनखताची प्रत त्यांना मिळाली नाही आणि त्यांनी मागितलीही नाही. आपल्या गावात अशी प्रत मागणे म्हणजे मित्रावर अविश्वास दाखवणे समजले जाते, हे आपणही जाणता.

चौदा हप्ते वेळेवर गेले आणि पंधराव्यापासून थांबले. मित्राचे भाड्याचे काम तुटले होते, घरात आजारपण निघाले होते. अण्णांना यातले काही ठाऊक नव्हते. मित्र रोज दिसायचा, बोलायचा, हप्त्याचा विषय काढायचा नाही. संस्थेकडूनही काही आले नाही. पुढे जवळजवळ वर्षभराने पिग्मी गोळा करणारा मुलगा दुकानात आला आणि खाली मान घालून म्हणाला, "अण्णा, तुमची पिग्मी वळती झालीय. मॅनेजर साहेबांनी भेटायला सांगितलंय." त्याच संस्थेत अण्णांची रोजची पिग्मी आणि एक लहानशी मुदत ठेव होती. दोन्ही मिळून ब्याऐंशी हजार रुपये मित्राच्या कर्जखात्यात जमा करून घेतले होते.

मॅनेजरशी झालेले बोलणे अण्णांनी मला आल्या आल्या सांगितले. ते म्हणाले, "अहो, कर्ज त्यानं घेतलंय, आधी त्याच्याकडून घ्या. त्याच्याकडून नाहीच निघालं तर माझ्याकडं या." मॅनेजर शांतपणे म्हणाला, "असा क्रम नसतो अण्णा. आमच्या दृष्टीने तुम्ही आणि तो सारखेच."

मॅनेजरचे म्हणणे बरोबर होते. भारतीय करार कायदा 1872 सालचा. त्याच्या कलम 128 प्रमाणे करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. जामीनदार म्हणजे कर्जदार नापास झाला की रांगेत पुढे येणारा माणूस, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. कायद्याने अशी रांग लावलेलीच नाही. हप्ता चुकला की दोघेही एकाच वेळी देणेकरी होतात आणि वसुली कोणाकडून सुरू करायची हे धनको ठरवतो. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात खालच्या न्यायालयाने बँकेला अट घातली होती की आधी कर्जदाराविरुद्धचे सगळे उपाय संपवा, मग जामीनदाराकडे जा. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. कर्जदाराच्या मागे धावणे वाचावे म्हणूनच धनको जामीन घेतो, मग त्याला थांबायला लावले तर जामिनाचा उपयोग काय, असा त्या निकालाचा रोख आहे. जामीनदाराने पैसे भरावेत आणि मग स्वतः कर्जदाराकडून वसूल करावेत, हा त्याचा मार्ग.

संस्थेची बाजूही समजून घेतली पाहिजे. तिचे पैसे म्हणजे लोकांच्या ठेवी, त्यांत अण्णांचीही ठेव होती. तिने कर्जदाराऐवजी अण्णांना धरले यात नवल नव्हते. कर्जदाराकडे उघड मालमत्ता उरली नव्हती. दुसऱ्या जामीनदाराचे उत्पन्न पेन्शनचे, तिला जप्तीपासून संरक्षण, आणि घर मुलाच्या नावावर. अण्णांचे दुकान मात्र भर पेठेत, स्वतःच्या नावावर, मालाने भरलेले. ज्याच्याकडे दिसते त्याच्याकडे वसुली जाते.

आता आकड्यांकडे पाहू, कारण अण्णांना सर्वांत मोठा धक्का तिथेच बसला. चौदा हप्ते फिटल्यावर मुद्दल सुमारे चार लाख पंच्याण्णव हजार उरले होते. पहिल्या वर्षात हप्त्याचा जवळजवळ निम्मा भाग व्याजातच जातो, त्यामुळे एक लाख पंच्याण्णव हजार भरूनही मुद्दल एक लाख पाच हजारांनीच कमी झाले होते. पुढे वीस महिने काहीच भरले गेले नाही असे धरून चौदा टक्के व्याज आणि वर दोन टक्के दंडव्याज, तेही सरळव्याजाने लावले, तरी एक लाख बत्तीस हजार होतात. म्हणजे मागणी सहा लाख सत्तावीस हजार. वळती केलेले ब्याऐंशी हजार यातूनच वजा व्हायचे होते. चौदा हप्ते फिटूनही सहा लाखांचे कर्ज सहा लाखांच्या वर गेले होते. अण्णांनी सही केली तेव्हा त्यांच्या डोक्यात फक्त 'सहा लाख' हा आकडा होता, आणि तोही वरची मर्यादा म्हणून. जामीनखतात मात्र 'मुद्दल, व्याज, दंडव्याज व वसुलीखर्च' असे लिहिलेले होते.

पुढची पायरी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 ची. आपल्याला ती सांगायची गरज नाही, पण हे पत्र पेठेतले लोकही वाचतील म्हणून थोडक्यात लिहितो. संस्था खात्याचा उतारा जोडून निबंधक कार्यालयाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. कर्जदार आणि जामीनदारांना नोटीस निघते, सुनावणीची तारीख पडते आणि चौकशीनंतर दाखला मिळतो. तो मिळाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. दिवाणी दाव्याची वर्षे त्यात जात नाहीत.

अण्णांनाही नोटीस आली होती. त्यांनी ती मित्राला दाखवली. मित्र म्हणाला, "मी बघतो, तू काळजी करू नको." तारखेला दोघांपैकी कोणीच गेले नाही. निवृत्त गृहस्थ गेले, "मी फक्त सही केली होती," एवढे सांगून परतले. दाखला तिघांविरुद्ध निघाला.

सुनावणीला जाऊन अण्णांना काय सांगता आले असते? मुख्य मुद्दा टेम्पोचा होता. तो टेम्पो त्यांना पुढे आठवडी बाजारात दिसला, पण पाठीमागे दुसऱ्याच माणसाचे नाव रंगवलेले होते. परिवहन विभागाच्या नोंदीत संस्थेचा बोजा उतरलेला निघाला. वाहनावरचा बोजा उतरवायला फॉर्म 35 लागतो आणि त्यावर कर्ज देणाऱ्याची सही असते. म्हणजे हप्ते थकल्यावर सातव्या महिन्यात संस्थेनेच ना हरकत दिली होती. विक्रीचे पैसे खात्यात भरतो असे मित्राने तोंडी सांगितले होते, भरले काहीच नाहीत. तेव्हा टेम्पोला सव्वादोन लाख सहज आले असते.

अशा वेळी करार कायद्याचे कलम 141 जामीनदाराच्या बाजूने उभे राहते. जामीन देताना धनकोकडे जे तारण असते त्याचा लाभ मिळण्याचा हक्क जामीनदाराला आहे, मग त्या तारणाची त्याला माहिती असो वा नसो. धनकोने ते तारण त्याच्या संमतीशिवाय सोडले किंवा घालवले, तर तारणाच्या किमतीइतका जामीनदार मोकळा होतो. अमृतलाल गोवर्धन लालन विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर या 1968 च्या निकालात बँकेच्या ताब्यातल्या गहाण मालात तूट निघाली, आणि तेवढ्या किमतीपुरती जामीनदाराची सुटका झाली. अण्णांनी सुनावणीत टेम्पोच्या नोंदीचा उतारा ठेवला असता, तर सव्वादोन लाखांवर बोलता आले असते. 'आले असते' एवढेच म्हणतो, कारण छापील जामीनखतांत बहुधा एक परिच्छेद असतो, ज्यात जामीनदार असले हक्क आधीच सोडून देतो, आणि अशा कलमांवर न्यायालयांनी जामीनदारांना बांधून ठेवल्याची उदाहरणे आहेत. अण्णांच्या कागदातही तो परिच्छेद होता. त्याखालीही पेन्सिलीची फुली होती.

दाखला निघाल्यावर विशेष वसुली अधिकारी दुकानात आले. मी तेव्हा तिथे होतो. गृहस्थ सभ्य होते, आवाज चढवला नाही. पंच बोलावले आणि फळ्यांवरचा माल यादीत उतरवू लागले: पितळी घागरी, तांब्याचे बंब, स्टीलचे डबे, परातींच्या थप्प्या. अण्णा किंमत सांगत होते ती विक्रीची, म्हणजे धातूचा भाव आणि वर घडणावळ. अधिकारी विचारत होते मोडीचा भाव, कारण लिलावात घडणावळ कोणी देत नाही. चार हजारांची घागर यादीत अडीच हजारांची झाली. हा सौदा सुरू असताना दोन गिऱ्हाइके दारातून परत गेली. त्यांतली एक, नातीच्या लग्नासाठी भांडी ठरवायला आलेली बाई, नंतर समोरच्या दुकानात गेल्याचे सगळ्यांनी पाहिले.

अण्णा माझ्याकडे कागद घेऊन आले ते या दिवसानंतर. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण कलम 154 प्रमाणे आधी वसुलीच्या रकमेच्या निम्मे भरावे लागतात, आणि अर्जाची दोन महिन्यांची मुदत जवळजवळ संपत आली होती. तीन लाख साडेतेरा हजार भरून अर्ज करायचा, त्यावर वकील, आणि निकाल काय लागेल याची खात्री नाही. शेवटी तडजोड झाली. संस्थेने साडेसोळा हजारांचे दंडव्याज सोडले आणि वळती केलेली ठेव धरून अण्णांनी सहा लाख साडेदहा हजार चुकते केले. त्यासाठी दुकानावर बँकेचे कर्ज काढले. तडजोडीच्या पत्रात 'यापुढे कोणतीही तक्रार नाही' असे वाक्य होते. टेम्पोचा मुद्दा तिथे संपला.

एक गोष्ट मात्र त्यांनी नीट केली, ती त्यांच्यासारख्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. संस्थेतल्या क्लार्कने पैसे भरण्याची पावती कर्जदाराच्या नावाने फाडायला घेतली होती. अण्णांनी आग्रह धरून 'जामीनदार या नात्याने, अमुक कर्जखात्यापोटी' असे लिहवून घेतले, आणि कर्ज निरंक झाल्याचे पत्र व संस्थेकडे उरलेली कागदपत्रेही घेतली. कारण पैसे भरणारा जामीनदार कलम 140 प्रमाणे धनकोच्या जागी येतो आणि कलम 145 प्रमाणे भरलेली रास्त रक्कम कर्जदाराकडून मागू शकतो. पण पैसे कोणी भरले हेच कागदावर नसेल तर मागणार कशाच्या आधारे? दावा भरल्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो. मित्राकडून वसूल होण्यासारखे काही नव्हते, तरी अण्णांनी त्याच्याकडून रकमेची लेखी कबुली घेतली.

दुसऱ्या जामीनदाराकडून मात्र काही मिळण्यासारखे होते. दोन सहजामीनदार असतील आणि वेगळे काही ठरले नसेल, तर कलम 146 प्रमाणे दोघांनी सारखा भार सोसायचा असतो. एकाने आपल्या वाट्याहून जास्त भरले तर जादा रक्कम दुसऱ्याकडून मागता येते, आणि तिथेही मुदत तीन वर्षांची. वाटा येतो तीन लाख सव्वापाच हजार. निवृत्त गृहस्थ म्हणाले, "मला कायदा माहीत नाही, पण अण्णांचं एकट्याचं नुकसान होऊ देणार नाही." ते महिना पाच हजार देतात. या गतीने पाच वर्षे लागतील, म्हणजे मुदतीच्या पलीकडे. म्हणून दर वर्षी ते आपल्या हाताने लिहून देतात की एवढे दिले, एवढे बाकी. मुदतीच्या आत केलेली अशी सही असलेली लेखी कबुली मुदत नव्याने सुरू करते.

आयुक्त साहेब, आता या हकिगतीचा दुसरा हिशेब मांडतो. टेम्पोचे सव्वादोन लाख वळते झाले असते तर देणे चार लाख दोन हजार राहिले असते. दोघा जामीनदारांत वाटले असते तर प्रत्येकी दोन लाख एक हजार. अण्णांनी एकट्याने, एकाच वेळी, भरले सहा लाखांच्या वर. आणि तिसरा हप्ता चुकला तेव्हाच अण्णांना कळवले असते, तर थकबाकी बेचाळीस हजारांच्या आसपास होती, टेम्पो संस्थेच्या बोज्याखाली गावातच उभा होता आणि मित्राकडे थोडेफार काम शिल्लक होते. त्या टप्प्यावर दोन मित्रांत भांडण झाले असते, पण दुकानात पंचनामा झाला नसता.

कायदा जामीनदाराला कर्जदाराएवढाच जबाबदार धरतो, हे बदला असे मी म्हणत नाही. ते बदलले तर पतसंस्था जामिनावर कर्जच देणार नाहीत, आणि गावात तारण नसलेल्या माणसाला सावकाराचे दार उघडे होईल. पण जबाबदारी सारखी असेल तर माहितीही सारखी हवी. कर्जदाराला त्याच्या खात्यात काय चालले आहे ते रोज ठाऊक असते. जामीनदाराला पिग्मी वळती झाल्यावर कळते. कायद्याने त्याला दिलेले हक्क हे सगळे वेळेवर वापरायचे हक्क आहेत, आणि वेळ गेल्यावर सांगितलेला हक्क त्याच्या कामाचा राहत नाही.

म्हणून आपल्या अधिकारात परिपत्रकाने, किंवा गरज पडल्यास शासनाला शिफारस करून, तीन गोष्टी पतसंस्थांना बंधनकारक कराव्यात अशी विनंती आहे.

पहिली, जामीनखताची सही-शिक्क्याची प्रत आणि तारणाची यादी जामीनदाराला त्याच दिवशी द्यावी व पोच घ्यावी. त्या प्रतीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत तीन वाक्ये असावीत: संस्था आधी तुमच्याकडेही येऊ शकते; तुमची जबाबदारी मुद्दलापुरती नाही, व्याज व खर्चही तुमच्यावर आहे; खाली अमुक परिच्छेदात तुम्ही अमुक हक्क सोडत आहात.

दुसरी, खात्यावर लागोपाठ तीन हप्ते थकले की महिन्याच्या आत प्रत्येक जामीनदाराला नोंदणीकृत टपालाने आणि मोबाइलवर खात्याचा उतारा पाठवावा. कलम 101 च्या अर्जासोबत या सूचनेची पोच जोडणे सक्तीचे असावे. पोच नसेल तर सुनावणी करणाऱ्या अधिकाऱ्याने आधी जामीनदाराला उतारा द्यायला लावावा आणि मगच पुढची तारीख द्यावी.

तिसरी, तारणावरचा बोजा उतरवताना, ना हरकत देताना किंवा कर्जाची मुदत बदलताना प्रत्येक जामीनदाराची वेगळी, त्या दिवसाची सही घ्यावी. सही करतानाच्या जामीनखतातली सरसकट संमती त्यासाठी पुरेशी मानू नये.

या तिन्ही गोष्टींचा संस्थेला पडणारा खर्च काही पाने कागद आणि टपालाचा आहे. उलट लवकर कळलेला जामीनदार स्वतः कर्जदाराच्या मागे लागतो, हे कोणताही वसुली अधिकारी आपल्याला सांगेल. संस्थेची वसुली त्याने सुधारेल, बिघडणार नाही.

आपल्या कार्यालयाने या तीन मुद्द्यांवर काय ठरवले ते जाहीर करावे. नकार असेल तर तोही कारणासह कळवावा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी माझ्याकडे "मित्र सही मागतोय, करू का?" असे विचारायला आला, तर त्याला नेमके काय सांगायचे ते मला ठरवता येईल.

कळावे,
आपला विश्वासू,
सोलापूर जिल्ह्यातला एक हिशेबनीस